इंटर्नशिप संपल्यावर आभाराची पोस्ट लिहिताना

‘सरांनी खूप मार्गदर्शन केलं’ असं लिहिलं तर सरांनी नेमकं काय केलं ते कुणालाच कळत नाही. त्याऐवजी त्यांनी शिकवलेली एकच गोष्ट नीट सांगा. समजा, तुम्ही मेकॅनिकलचे विद्यार्थी आहात आणि मशीन शॉपमध्ये पार्टमधल्या गोल भोकाची, म्हणजे बोअरची, तुमची मापं रोज वेगळी येत होती. तर असं लिहा:

‘मशीनवरून उतरलेला पार्ट मी लगेच मोजत होतो. सरांनी तो थंड होऊ दिला आणि मलाच पुन्हा मोजायला लावला. पोलाद 20 अंशांनी जास्त गरम असेल तर 50 मिलिमीटरचा बोअर साधारण 11-12 मायक्रॉन मोठा भरतो, हे मला तेव्हा कळलं.’

टीमचे आभारही असेच, कामासकट माना: गेज धरायला कुणी शिकवलं, रिपोर्ट कुणी तपासला.

मात्र ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, प्रत्यक्ष मापं किंवा रिजेक्शनचे आकडे लिहू नका; वरचा 50 हा आकडाही म्हणूनच नमुन्याचा आहे. फोटोत मागचा मॉनिटर किंवा जॉब कार्ड दिसत नाही ना, ते झूम करून पाहा. मसुदा आधी सरांना पाठवा आणि टॅग केलं तर चालेल का, तेही विचारा.