प्रिन्सेस कट ब्लाउजची वळणदार शिवण इस्त्रीने कशी बसवावी

गेल्या पावसाळ्यात आमच्या गिरगावातल्या शिवणवर्गात एक विद्यार्थिनी रॉ सिल्कचे प्रिन्सेस कट ब्लाउज घेऊन आली. दोन्ही बाजूंना छातीच्या उंचवट्याजवळ एकेक आडवी चुणी पडत होती आणि ती घालवण्यासाठी तिने शिवण दोनदा उसवून पुन्हा घातली होती. मी कापणी तपासली, टीप तपासली. दोन्हींत काही चूक नव्हती. शिवणीला इस्त्री मात्र तिने सपाट टेबलावर केली होती. छातीसाठी मुद्दाम दिलेला फुगवटा सपाट पृष्ठभागावर मावत नाही, त्यामुळे इस्त्रीखाली तो दुमडला जातो आणि त्या दुमडीची घडी पक्की होते. हेच काम टेलर्स हॅमवर, म्हणजे घट्ट भरलेल्या अंडाकृती उशीवर, आणि इस्त्रीखाली एक पातळ कापड घालून केले, तर चुणी पडत नाही. तिचे ब्लाउज आम्ही तसेच दुरुस्त केले.

उशी घरी करता येते. साधारण 14 इंच लांब आणि 10 इंच रुंद असे, एका टोकाला निमुळते होणारे दोन तुकडे कापावेत. एक तुकडा धुऊन आटवलेल्या मांजरपाटाचा आणि दुसरा लोकरी कापडाचा असावा, कारण सुती बाजू जास्त उष्णता सहन करते, तर लोकरी बाजू वाफ धरून ठेवते. आत लाकडाचा कोरडा भुसा भरावा. सुताराकडे तो सहज मिळतो, मात्र चिकट राळ असलेल्या लाकडाचा नको, कारण उष्णतेने राळ सुटून कापडावर डाग पडतात. भुसा चाळून, उन्हात वाळवून, मुठीने ठोकत इतका ठासून भरावा की अंगठ्याने दाबले तरी उशी दबू नये. मऊ उशी इस्त्रीखाली खचते आणि तिचा काही उपयोग होत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात भुसा दमट होऊन त्याला बुरशीचा वास येतो, म्हणून उशी उघड्या फळीवर न ठेवता कोरड्या डब्यात ठेवावी. एकाच ब्लाउजपुरते काम असेल, तर टॉवेलची घट्ट गुंडाळी सुती कापडात बांधूनही भागते.

वर घालायच्या कापडाबाबत अधिक सावध राहावे लागते. ऑर्गन्झा त्यासाठी उत्तम, कारण तो पारदर्शक असतो आणि खालची शिवण दिसत राहते. पण हा सल्ला अस्सल रेशमी ऑर्गन्झापुरताच आहे. बाजारात ऑर्गन्झा म्हणून मिळणारे बरेचसे कापड पॉलिस्टरचे असते आणि ते गरम इस्त्रीला चिकटते. घेतलेल्या तुकड्याच्या कडेचा एक धागा ओढून, चिमट्यात धरून जाळून पाहावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे बोटांनी चुरडली जाणारी काळी राख राहते. पॉलिस्टर आक्रसून वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. खात्री नसेल तर साधी पांढरी मलमल वापरावी, पण आधी धुऊन तिची खळ काढून टाकावी, कारण खळ करपते आणि तिचे पिवळे डाग रेशमावर उमटतात.

आता प्रत्यक्ष इस्त्री. टीप घातल्यावर शिवण उघडण्याआधी ती आहे तशीच, दोन्ही माया एकत्र ठेवून, उलट बाजूने दाबून घ्यावी. या दाबाने दोरा कापडात बसतो आणि टिपेचे बारीक आकसलेपण जाते. इथे फक्त टिपेची रेघ आणि माया इस्त्रीखाली येऊ द्यावी. ब्लाउजच्या अंगावर इस्त्री जाऊ देऊ नये.

त्यानंतर मायेला काप द्यावेत. ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीत आपण सवयीने भरपूर माया ठेवतो, पण या वळणात ती 1 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कारण रुंद माया वळणावर उलटली की तिची कडा ओढ घेते. मधल्या भागाची कडा आत वळलेली असते, म्हणून तिच्या मायेला सरळ काप द्यावेत, म्हणजे ती उलटल्यावर पसरते. बगलेकडच्या भागाची कडा बाहेर फुगलेली असते आणि उलटल्यावर तिची माया जास्त होते, म्हणून तिच्यातून लहान त्रिकोण काढून टाकावेत. छातीच्या उंचवट्याजवळ काप साधारण एक-एक सेंटिमीटरवर, इतरत्र विरळ असावेत, आणि टिपेपासून 2 ते 3 मिलिमीटर अलीकडेच कात्री थांबवावी. दोन्ही मायांचे काप समोरासमोर आले तर शिवण तिथे कमजोर होते आणि उलट्या बाजूचा खड्डा सुलट बाजूवर दिसतो, म्हणून ते आलटून-पालटून द्यावेत. अस्तर वरच्या कापडाला जोडूनच शिवले असेल, तर अस्तराची माया निम्मी कापून जाडी कमी करावी.

मग ब्लाउज उलटे करून उशीवर ठेवावे. उशीची जी गोलाई छातीच्या फुगवट्याशी जुळते, ती शोधून शिवण तिच्यावरून जाईल असे कापड पसरावे. ते ओढावे लागले तर जागा चुकली आहे असे समजावे. बोटांनी माया दोन्हीकडे उघडावी, मायेखाली दोन्ही बाजूंना जाड कागदाच्या पट्ट्या सरकवाव्यात, म्हणजे मायेच्या कडेचा वळ सुलट बाजूवर उमटत नाही, आणि वरून मलमल घालावी. इस्त्री दोन ठिपक्यांच्या खुणेवर ठेवून तिचे टोक शिवणीच्या घळीत टेकवावे, तीनचार सेकंद दाबावे आणि उचलावे. ती सरकवू नये. सरकवली की उरेब कडेचे कापड ताणले जाते. एका वेळी दोन इंचच शिवण दाबायची आणि उशी हलवण्याआधी कापड हाताला गार लागेपर्यंत थांबायचे, कारण गरम असताना तंतू आकार घेतो आणि गार होताना तो आकार पक्का होतो. घाई होते ती नेमकी इथे.

रॉ सिल्कवर वाफेची इस्त्री मी वापरत नाही. तिच्यातून थेंब पडला तर रेशमावर गोल डाग राहतो आणि तो सहज जात नाही. कापड कोरडे, मलमलही कोरडी. लोकरीच्या कापडाला मात्र ओलसर कापडाखाली वाफ द्यावीच लागते. पॉलिस्टरसाठी इस्त्री एका ठिपक्यावर आणावी. जरीचे कापड असेल तर आधी आतल्या कापलेल्या तुकड्यावर चाचणी घ्यावी, कारण हल्लीची बरीच जर प्लास्टिकच्या पट्टीवर धातूचा थर देऊन केलेली असते आणि ती उष्णतेने आक्रसते. मखमलीची लव इस्त्रीने दबते, त्यामुळे तिच्यावर हे तंत्र लावू नये.

विद्यार्थिनीच्या ब्लाउजची जुनी टीप आम्ही उसवली नाही. जुनी घडी जावी म्हणून चुणीच्या जागेवर उलट बाजूने मलमलीतून दोनदा दाब दिला, मग काप देऊन उशीवर शिवण उघडली. डाव्या बाजूला चुणी गेली. उजव्या बाजूला तिची एक पुसट रेघ राहिली, कारण तिथे तिने सपाट इस्त्री करताना पाणी शिंपडले होते.