पहिली कवळी बसवलीय? आमच्या आजोबांनी केलेल्या या चुका टाळा

कवळी बसवून आल्या दिवशीच आजोबांनी ज्वारीची भाकरी मागितली आणि सवयीने पुढच्या दातांनी तुकडा तोडायला गेले. वरची कवळी मागून सुटली आणि घासासकट जिभेवर आली. ते इतके धसकले, की नातीच्या साखरपुड्यात "आज उपास आहे" असं सांगून पंगतीला बसलेच नाहीत. वार होता बुधवार, आणि आजोबा बुधवारी कधीच उपास करत नाहीत.

खरं तर कवळी सैल नव्हती. वरची कवळी टाळूला लाळेच्या पातळ थराने चिकटून राहते. पुढच्या दातांवर जोर आला, की तिची मागची कड उचलली जाते, हवा आत शिरते आणि पकड जाते. म्हणून भाकरी हातानेच मोडायची आणि लहान तुकडा बाजूच्या दाढांवर ठेवायचा. खालच्या कवळीला टाळूचाही आधार नसतो. जीभ आणि गालच तिला सांभाळायला शिकतात, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे ती थोडी हलणारच.

दुसरी चूक जुनीच. डावीकडच्या दाढा आधी गेल्यामुळे आजोबा वर्षानुवर्षं उजवीकडूनच चावत. कवळीत एका बाजूला दाब दिला की दुसरी बाजू वर येते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना घास दोन्हीकडे वाटून, सावकाश, सरळ खाली-वर चावायला सांगितलं. सराव मऊ वरण-भातावर केला, मग पोळी, आणि भाकरी सगळ्यात शेवटी, तीही आमटीत कुस्करून.

मग हिरडीला एका जागी लाल व्रण पडला. आजोबांनी कवळी डबीत टाकली, आणि तिची टोचणारी जागा घासायला चक्क पॉलिश पेपर शोधू लागले! आजीने तो वेळीच काढून घेतला. घरी घासलेली कवळी बिघडते, मग ती कुठेच नीट टेकत नाही. दवाखान्यात नेमकी तेवढीच जागा घासून देतात. पण त्याआधी काही तास कवळी घालून जा, नाहीतर व्रण फिका पडतो आणि कुठे टोचतंय ते डॉक्टरांना कळत नाही. दोन-तीनदा जावं लागलं तरी ते नेहमीचंच आहे. चिकटवायची पावडर हा टोचण्यावरचा इलाज नव्हे.

चहा मात्र आधी ओठाला लावून बघा. टाळू झाकलेला असल्याने गरमपणा कळत नाही आणि घशाला चटका बसतो. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते.

आजोबा आता पंगतीत बसतात. चिक्की बंद आहे, आणि पेरू खाल्ला की बी कवळीखाली अडकते, म्हणून उठून मोरीवर जाऊन कवळी धुऊन येतात.