समारोपात प्रस्तावनाच पुन्हा लिहिताय? ही चूक टाळा

निबंध तपासताना मी कधी कधी मधला भाग हाताने झाकते आणि पहिला व शेवटचा परिच्छेद लागोपाठ वाचते. दोन्ही एकच वाटले, तर मधली दीड-दोन पानं लिहूनही लेखक होता तिथेच आहे. शब्द तेवढे बदललेले असतात, 'महत्त्वाचे'च्या जागी 'मोलाचे' आलेलं असतं.

हे आळसामुळे होत नाही. 'समारोप म्हणजे सारांश' हे मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की शेवट लिहायच्या आधी विद्यार्थी पान उलटून प्रस्तावना वाचतो, आणि समोर दिसणारं वाक्यच पेनातून उतरतं. खरं तर प्रस्तावना लिहिताना त्याने विषयावर फारसा विचार केलेलाच नसतो. विचार होतो तो मधले परिच्छेद लिहिताना. समारोप मात्र त्या आधीच्या, कच्च्या वाक्याला जाऊन चिकटतो.

एक नमुना घेऊ. विषय आहे मोबाइलवरचा नकाशा. प्रस्तावनेत लिहिलंय, "मोबाइलवरच्या नकाशामुळे प्रवास सोपा झाला आहे, पण रस्ते लक्षात ठेवण्याची आपली सवय मोडत चालली आहे." पुढे 3 परिच्छेद आहेत. पहिल्यात वेळ कसा वाचतो ते आहे. दुसऱ्यात, आपण पडद्यावरच्या बाणाकडे बघत चालतो आणि आजूबाजूच्या खुणा टिपत नाही, हे आहे. तिसऱ्यात एक प्रसंग आहे: मित्राच्या नव्या घरून परतताना मोबाइल बंद पडला, एका आजोबांना रस्ता विचारला, आणि त्यांनी वळणं, झाड, पाण्याची टाकी असं सगळं न अडखळता सांगितलं. आता समारोप बघा:

"अशा प्रकारे, नकाशामुळे प्रवास सुलभ झाला असला तरी रस्ते स्मरणात ठेवण्याची आपली सवय कमी होत आहे. म्हणून नकाशाचा वापर मर्यादित ठेवावा."

आजोबा कुठे गेले? निबंधातली सगळ्यात जिवंत गोष्ट शेवटापर्यंत पोचलीच नाही. हा समारोप तिसरा परिच्छेद न वाचताही लिहिता आला असता, आणि चूक ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण हीच आहे.

दुरुस्ती करताना प्रस्तावनेकडे बघूच नका. मधल्या भागातला शेवटचा परिच्छेद वाचा आणि त्यातल्या एखाद्या ठोस तपशिलाला विचारा, "बरं, मग पुढे काय?" आजोबांना रस्ता सांगता आला. मग मला कोणी विचारला असता तर? त्या घरी मी आधी 4 वेळा गेलो होतो, तरी मला सांगता आला नसता. इथे नवा विचार सापडला:

"आजोबांनी सांगितलेल्या खुणांवरून मी घरी पोचलो. वाटेत मनात आलं, उद्या याच रस्त्यावर मला कोणी पत्ता विचारला, तर मी काय सांगणार? मी फक्त मोबाइल पुढे करीन. रस्ता लक्षात न राहण्याने माझं एकट्याचं नुकसान होतं असं मला वाटत होतं. पण ज्याला रस्ता ठाऊक नाही, तो दुसऱ्यालाही वाट दाखवू शकत नाही."

विषय तोच आहे, नवी माहितीही आणलेली नाही. पण प्रस्तावनेत गोष्ट फक्त 'माझ्या सवयी'ची होती, ती आता दुसऱ्या माणसापर्यंत गेली.

यात एक घसरण हमखास होते. 'नवीन काहीतरी हवं' म्हणून विद्यार्थी शेवटच्या 2 ओळींत वेगळाच विषय काढतात: तंत्रज्ञानाचं व्यसन, माणसामाणसांतला तुटलेला संवाद, एखादं सुविचारासारखं वाक्य. शेवटच्या विधानावर वाचक "कशावरून?" असं विचारू शकत असेल आणि त्याचं उत्तर मधल्या परिच्छेदांत नसेल, तर ते विधान खोडा. ते दुसऱ्या निबंधाचं आहे. समारोपातला ताजा विचार आधीच्या मजकुरातूनच फुटलेला हवा.

लांबलचक अहवाल किंवा प्रबंधाची गोष्ट निराळी. तिथे वाचक 40 पानांनंतर शेवटाकडे येतो, त्याला मुद्द्यांची उजळणी लागते. 500 शब्दांच्या निबंधाचा वाचक प्रस्तावना 3 मिनिटांपूर्वी वाचून आलेला असतो.

नवा समारोप जमला की मात्र प्रस्तावनेकडे परत जा. आमच्या नमुन्यात "आपली सवय मोडत चालली आहे" हे सरसकट वाक्य आता फिकं वाटतं. त्याजागी "मित्राच्या घरी मी 4 वेळा गेलोय, पण रस्ता विचाराल तर मोबाइल काढावा लागेल" असं लिहिलं, की शेवटच्या परिच्छेदातल्या त्या प्रश्नाची तयारी पहिल्याच ओळीत होते.