सिग्नल फुल्ल, तरी चित्र फुटतंय? २५६-क्वॅमवर जाताना या चुका टाळा

डिजिटल केबलच्या ८ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमधून ६४-क्वॅमवर साधारण ३८ एमबीपीएस डेटा जातो, तर २५६-क्वॅमवर ५०.७. (सिम्बॉल रेट दोन्हीकडे ६.८७५ मेगा.) म्हणजे हेडएंडवर एक सेटिंग बदललं की तेवढ्याच जागेत एक तृतीयांश डेटा जास्त. मोह होणारच. पण या वाढीची किंमत हेडएंडवर दिसत नाही, ती गल्लीच्या टोकाच्या घरात दिसते.

कॉन्स्टेलेशनकडे बघितलं की कारण कळतं. ६४-क्वॅममध्ये ८ बाय ८ ठिपके असतात, २५६ मध्ये १६ बाय १६. सरासरी पॉवर तेवढीच ठेवायची, तर चौकट वाढत नाही, ठिपकेच जवळजवळ येतात आणि त्यांच्यातलं अंतर जवळपास निम्मं होतं. त्यामुळे तेवढाच बिनचूकपणा हवा असेल, तर सिग्नल नॉइजपेक्षा आणखी ६ डीबी वर लागतो. हिशेबाने एरर करेक्शनला झेपेल इतकी चूक ६४ वर सुमारे २४ डीबीला येते, २५६ वर सुमारे ३० ला. प्रत्यक्षात बॉक्सचा स्वतःचा दोष धरून दोन-तीन डीबी वर राहिलेलं बरं.

पहिली चूक म्हणजे फक्त लेव्हल बघणं. "सिग्नल तर फुल्ल दाखवायलाय की दादा," असं म्हणत पोरगा मीटरवरचे ७० डीबी मायक्रोव्होल्ट दाखवतो. पण लेव्हल म्हणजे सिग्नल आणि कचरा दोन्हींची मिळून ताकद. ठिपका आपल्या जागेपासून किती ढळतोय हे एमईआर सांगतो, म्हणून मीटरवर MER वाचायचा, तोही ग्राहकाच्या बॉक्सला जाणाऱ्या वायरवर. चित्र स्वच्छ दिसतंय यावरही विसंबू नका. एरर करेक्शन २०४ पैकी ८ बाइटपर्यंतच्या चुका निस्तरतं, त्यामुळे काठावर येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसत नाही. मग डीबीभर फरक पडला की चौकोन फुटायला लागतात.

दुसरी चूक सगळ्यात महागात पडते: चित्र फुटलं की अँप्लिफायरचा गेन वाढवणं. गेनने आत आलेला नॉइजही तेवढाच वाढतो. वर अँप्लिफायर ताणला गेला, तर तो स्वतःचं डिस्टॉर्शन घालतो. इथे पुस्तकी ज्ञान फसवतं. पुस्तकात ताणलेल्या अँप्लिफायरचं कॉन्स्टेलेशन कोपऱ्यांत आत दबलेलं दाखवतात, पण ते एकाच चॅनेलच्या मॉड्युलेटरबद्दल खरं. लाइनवरच्या अँप्लिफायरमधून डझनावारी चॅनेल एकत्र जातात आणि त्यांच्या आपसातल्या मिश्रणाचा कचरा नॉइजसारखाच दिसतो. दोन्ही वेळा ठिपक्यांचे गोल, धूसर ढग. नजरेने फरक कळत नाही.

फरक कळतो तो ३ डीबीच्या पॅडने. अँप्लिफायरच्या इनपुटला पॅड लावा आणि एमईआर पुन्हा वाचा. तो घसरला, तर दुखणं नॉइजचं आहे. वाढला, तर अँप्लिफायर ताणलेला आहे, कारण लेव्हल १ डीबी उतरली की या प्रकारचं डिस्टॉर्शन तुलनेने २ डीबीने सुधारतं.

जुळे सोलापुरातल्या एका लाइनवर नेमकं हेच निघालं. २५६-क्वॅम केल्यावर तक्रारी आल्या, गेन वाढवला, तक्रारी दुप्पट. शेवटच्या घरात लेव्हल ७२, एमईआर २९. पॅड लावल्यावर लेव्हल ६९ वर आली आणि एमईआर ३२ वर गेला. ताकद कमी झाल्यावर चित्र सुधारतं, हे तिथल्या माणसाला पटायला वेळ लागला.

तक्रार किती वाजता येते, हेही विचारा. कोॲक्स केबलचा लॉस दर अंश तापमानाला साधारण ०.२ टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरून गेलेली केबल पहाटे २५ अंशांवर असते आणि दुपारी उन्हात सहज ५५ च्या वर जाते. ३० डीबी लॉसच्या पल्ल्यावर हा जवळपास २ डीबीचा फरक झाला. नॉइजने मरणारी लाइन म्हणून भर दुपारी फुटते. ताणलेला अँप्लिफायर मात्र पहाटे गारव्यात त्रास देतो, कारण तेव्हा त्याच्याकडे सिग्नल जास्त पोचतो. वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनेल आधी जातात, कारण तिथे केबलचा लॉस मुळातच जास्त असतो.

ठिपक्याच्या जागी कडं दिसलं, तर पॅड-बिड सोडा. बाहेरचा एखादा कॅरियर आत घुसतोय, बहुधा सैल किंवा नीट न दाबलेल्या कनेक्टरमधून. बाहेरचे ठिपके गोलाईत ओढलेले दिसले, तर फेज नॉइज आहे आणि तो हेडएंडवरच शोधावा लागतो.

राहिला प्रश्न २५६ ठेवायचं की नाही. ब्रॉडकास्टमध्ये घरागणिक मॉड्युलेशन बदलता येत नाही, त्यामुळे निर्णय सगळ्यात कमजोर घराच्या दुपारच्या एमईआरवर घ्यायचा. तिथे ३२ मिळत असेल, तर २५६ चालवा. लाइन दुरुस्त करूनही २९च राहत असेल, तर माझ्या मते वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनेल ६४ वर ठेवून खालचे तेवढे २५६ करावेत. दर चॅनेलमागे १२-१३ एमबीपीएस जातील, पण त्याच २९ वर ६४-क्वॅमला ५ डीबी मोकळे मिळतात.