कुकर कोणता? आधी त्यात काय शिजणार ते बघा

आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यामुळे साध्या ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो आणि लोक लगेच महागडा स्टीलचा आणतात. दर वेळी गरज नसते.

१. डाळ-भात डब्यांत लावत असाल तर ॲल्युमिनियम पुरे. स्वस्त, हलका, लवकर तापतो. तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचं बोटुक टाका, कुकर काळा पडत नाही. आधीच काळा झाला असेल तर त्याच पाण्याला दहा मिनिटं झाकण न लावता उकळी द्या.

२. टोमॅटो-चिंचेची आमटी थेट कुकरमध्येच करायची असेल तर स्टील घ्या, कारण आंबटाने साधं ॲल्युमिनियम झिजतं आणि अन्नात उतरतं. मात्र स्टीलमध्ये उष्णता नीट पसरत नाही. तळ जाड, थरांचा हवा. तरीही खिचडी खाली लागतेच, म्हणून पाणी थोडं जास्त घाला आणि पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करा.

३. कुकरमध्येच फोडणी देऊन मसालेभात करणाऱ्यांना हार्ड ॲनोडाइज्ड, म्हणजे वर कडक थर दिलेल्या ॲल्युमिनियमचा कुकर बरा. आंबट चालतं, तळही सारखा तापतो. फक्त तो धुण्याच्या सोड्यात भिजवू नका आणि तारेने घासू नका, वरचा थर जातो.

इंडक्शन असेल तर दुकानातच तळाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर तो कुकर शेगडीवर तापणार नाही.

आणि कुकर कुठलाही असो, आंबट आमटी रात्रभर त्यात ठेवू नका.