अंदाजे पेग बंद, मापाने पेग सुरू

दारू एकदम सोडायची नव्हती, कमी करायची होती. ठाण्यात स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून ३० मिलीचं स्टीलचं पेगमाप आणलं. घरी हाताने ओतलेला माझा ‘एक पेग’ त्यात मोजला, तर जवळजवळ तीन मापं भरली! म्हणजे ‘दोनच घेतो’ म्हणत मी अख्खी क्वार्टर संपवत होतो, कारण १८० मिली म्हणजे सहा छोटे पेग.

मग फ्रिजवर कॅलेंडर लावलं. प्रत्येक माप ओतण्याआधी एक रेघ. नंतर मारू म्हटलं की आकडा हमखास कमी लागतो. आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर असेल तर चार रेघा, कारण तिच्यात साधारण चार छोट्या पेगांइतकं अल्कोहोल असतं. बिअर हलकी, हा निव्वळ समज.

सहावरून आधी पाचवर आलो, ते अंगवळणी पडल्यावर चारवर. दोन मापांत एक तास, मध्ये साधं पाणी. जेवण आधी उरकायचं. पोट भरलं की तलफ निम्मी होते. घरात क्वार्टरच आणायची, मोठी बाटली नाही. मंगळवार-गुरुवार कोरडे.

मात्र सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर हे स्वतःच्या मनाने करू नका. अशा माणसाने अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. आधी डॉक्टर गाठा.