देवघराचा रंग समईच्या उजेडात ठरवा

देव्हाऱ्यामागच्या भिंतीला गडद भगवा किंवा झेंडूसारखा केशरी द्यायचा मोह होतो. दुकानातल्या शेडकार्डावर तो छानच दिसतो. पण कोपऱ्यात लागून असलेल्या दोन भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे तोच रंग कितीतरी भडक होतो. जळगावच्या आमच्या घरी हेच झालं. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन आलं की कोपरा पेटल्यासारखा वाटायचा, डोळे मिटून बसवत नव्हतं. शिवाय पितळी बाळकृष्ण आणि झेंडूचा हार, दोन्ही त्या केशरीत हरवून जायचे.

मग आम्ही ताकात चिमूटभर हळद कालवावी तसा फिका पिवळसर रंग घेतला. भगवा राहिला तो फक्त देवाच्या वस्त्रात. आता आधी मूर्तीच दिसते.

रंग घेण्याआधी छोटा डबा आणून दीड-दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात द्या. पुठ्ठा कोपऱ्यात उभा करून सकाळी, भर दुपारी आणि सांजवातेला पाहा. ज्योतीच्या उजेडात पिवळे रंग उबदार होतात, फिका निळा मात्र मळकट दिसतो. बल्ब लावायचा तर पिवळसर उजेडाचा, २७०० K चा घ्या, पांढऱ्याफटक उजेडात हा फिका पिवळा फिकुटतो.

रंग मॅटच हवा, चकाकीत ज्योत चमकून डोळ्यांना टोचते. पण मॅटवर काजळी पुसली की डाग पसरतो, म्हणून समईमागे शहाबादी फरशीचा तुकडा उभा करा.